मरियमच्या दोन मुठी

फतनानं त्या वाडग्यातलं गार पाणी तसंच राहू दिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. तिनं किटलीतलं उकळतं ओतलं.

फतना म्हणजे माझ्या नातीची सासू. बाई मनानं वाईट नाही, पण तिला वाट बघता येत नाही. भाकरी चुलीत टाकली की झाकण पाचदा उघडून बघणारी. माझी नात तुदा, तिची ही पहिलीच खेप. आमचं गाव डोंगरात वर, तिथं गाडी जात नाही, म्हणून दिवस भरत आले तशी मी तिला खाली दवाखान्याशेजारच्या बाळंतिणींच्या घरात आणून ठेवलं. चार खाटा, एक चूल, आणि नुझा नावाची सरकारी सुईण. कळा सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फतना आणि तिचा मुलगा, तुदाचा नवरा बासू, आपल्या गाडीनं येऊन टेकले. बासू बाहेर गाडीजवळ बसला. आमच्यात पुरुषाला आत काही काम नसतं, आणि त्यालाही ते बरंच वाटतं.

तुदाला एकाच गोष्टीची भीती होती. घाटाची. इथं काही अडलं तर बाईला गाडीत घालून घाट ओलांडून शहराच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागतं. तिची आई, माझी लेक, त्याच घाटात गेली. मूल झालं होतं, वार पडली नव्हती, आणि रक्त थांबलं नाही. ते मूल म्हणजे तुदा. तिला मी वाढवली, आणि कोणी सांगितलं नाही तरी मुलांना सगळं कळतं. आल्या दिवशीच ती मला म्हणाली, "आजी, मला घाटात नेऊ देऊ नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी."

मी म्हटलं, "नाही नेणार." दुसरं काय म्हणणार होते.

तर ती मूठ. वाळवंटात एक झुडूप उगवतं. वाळलं की त्याच्या सगळ्या काड्या आत वळतात आणि ते म्हातारीच्या मिटलेल्या मुठीसारखं दिसतं. आम्ही त्याला मरियमची मूठ म्हणतो. बाईला कळा लागल्या की ती मूठ पाण्याच्या वाडग्यात घालून उशाशी ठेवायची. मूठ जशी उघडते तशी बाई उघडते. माझ्याकडची मूठ माझ्या आईची. माझी सगळी बाळंतपणं तिच्यासमोर झाली, माझ्या लेकींची झाली, निम्म्या गावाची झाली. प्रत्येक वेळी वाळवून परत फडक्यात बांधून ठेवलेली.

नुझाला ती आवडत नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "हद्दाआजी, बघायला ठेवा, माझी ना नाही. पण ते पाणी पोरीला पाजायचं नाही. त्यानं कळा वेड्यावाकड्या येतात."

"मी काय आज जन्मले काय," मी म्हटलं. पण पाजलं नाही. सुईण तरुण असली तरी तिच्या हाताला घाई नव्हती, ते मी पाहिलं होतं.

सकाळी नुझानं तुदाला तपासलं आणि चहाच्या तबकाशी येऊन बसली. तुदाही बसली होती, खजूर खात. तेव्हा कळा लांब लांब येत होत्या. आदल्या संध्याकाळी चिकट, रक्ताचे धागे असलेला स्राव गेला होता, तेव्हापासून हेच चाललं होतं. कळ आली की ती बोलता बोलता थांबायची, गेली की परत बोलायची.

नुझानं तबकातलं ऑलिव्ह उचललं. "गर्भपिशवीचं तोंड आत्ता एवढं उघडलंय. पण पातळ झालंय छान, कागदासारखं. पहिलटकरणीचं आधी पातळ होतं, मग उघडतं. म्हणून पहिल्या वेळी वेळ लागतो. दुसरी-तिसरी खेप असली की दोन्ही एकदम होतं." मग तिनं चहाच्या पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "एवढं झालं की खरं काम सुरू झालं म्हणायचं. आणि एवढं झालं," तिनं साखरेच्या भांड्याचं रुंद तोंड दाखवलं, "की बाळाचं डोकं बाहेर निघू शकतं. त्याच्या आधी जोर लावायचा नाही. तोवर चाल, खा, पाणी पी, झोप आली तर झोप."

"आणि साखरेच्या भांड्याएवढं व्हायला किती वेळ?" फतनानं विचारलं.

"दिवस जाईल."

"दिवस?" फतनानं माझ्याकडे पाहिलं, जणू मीच दिवस लांबवत होते.

दुपारी नुझा शेजारच्या दवाखान्यात मुलांना लस टोचायला गेली. कळा आता जवळ जवळ यायला लागल्या होत्या, तुदा बोलणं बंद करून भिंतीला हात टेकून कमरेतून डोलत होती. मी तिच्यासाठी जवाच्या पिठाचं सूप गरम करायला चुलीकडे गेले. तेवढ्यात फतनानं काय केलं तर मी उशाशी ठेवलेल्या वाडग्यातलं गार पाणी ओतून दिलं आणि त्यात किटली रिकामी केली. आधीच कित्येक वेळा उघडून सैल झालेली माझी मूठ, तिला उकळतं पाणी मिळालं. सूप घेऊन येते तो मूठ पंजासारखी पसरलेली, आणि फतना तुदाला मागून काखेत धरून उकिडवी बसवून म्हणतेय, "उघडली बघ, पोरी. लाव जोर. लाव, दात आवळून लाव."

आणि तुदा लावत होती. तोंड बीटासारखं लाल, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"विहीणबाई," मी म्हटलं, "सोडा तिला."

"पण ही मूठ..."

"सोडा म्हणते ना."

नुझाला बोलावलं. तिनं हात धुऊन तपासलं. मग कोणावर न ओरडता म्हणाली, "चहाच्या पेल्याएवढं उघडलंय. म्हणजे निम्मं. पण मघाशी पातळ होती ती कड पुढून सुजायला लागलीय. बंद दारावर डोकं आपटल्यासारखं आहे हे. तुदा, आणखी जोर लावलास तर सूज वाढेल, दार उघडायचंच नाही, आणि मग मला तुला घाटापलीकडे पाठवावं लागेल."

तुदानं माझा हात इतका आवळला की बोटं कळवळली. पण डोळे वाडग्याकडे. "पण ती तर उघडलीय, आजी. मूठ पूर्ण उघडलीय. मग माझंच का नाही उघडत? माझ्यात काही खोट आहे?" एवढ्यात पुढची कळ आली आणि ती परत दात आवळून खाली जोर लावायला लागली. नुझा म्हणत होती श्वास सोड, श्वास सोड, पण ते पोरीच्या कानापर्यंत जातच नव्हतं. ती नुझाचं ऐकत नव्हती, माझंही नाही. त्या झुडपाचं ऐकत होती. आणि ते मीच लहानपणापासून तिच्या डोक्यात भरलेलं.

मी फतनाकडे वळले. "विहीणबाई, तुमच्या बोचक्यात एक मूठ आहे. बाजारातून आणलेली, सकाळी दाखवलीत."

"ती माझ्या लेकीसाठी आहे. वसंतात बाळंत होईल ती." फतनानं बोचकं जवळ ओढलं. "कोरी आहे. पाणी लागलेलं नाही अजून."

"कोरीच पाहिजे. काढा."

फतनानं तोंड वाकडं केलं, पण काढली. टणक, घट्ट, बोट घालायला फट नाही. मी माझी उघडी मूठ वाडग्यातून काढून तुदाला दिसू नये म्हणून पदरात टाकली. पाटाच्या पाण्याचा माठ कोपऱ्यात होता. डोंगरातलं बर्फ वितळून येतं ते पाणी. वाडगा त्यानं भरला आणि कोरी मूठ त्यात ठेवली.

"हे बघ, तुदा," मी म्हटलं. "ती माझी मूठ ढीगभर लेकरं जन्माला घातलेली बाई आहे. तिला पाणी दाखवलं की ती पाय पसरते. तिचं तुला काय. ही बघ. ही पहिलटकरीण आहे, तुझ्यासारखी. हिला ठाऊकच नाही उघडायचं कसं ते. ही आधी मऊ होईल, मग उघडेल. तू हिच्याबरोबर चाल. हिच्या पुढे धावायचं नाही."

नुझा खोकली. खोकला खरा होता की हसू, मला कळलं नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "पहिल्या वेळी असंच होतं."

तुदानं मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. तिचे खांदे खाली आले. पुढच्या कळेला तिनं तोंड उघडलं आणि हंबरली, पण जोर लावला नाही.

"आणि विहीणबाई," मी म्हटलं, "या वाडग्याला किटली लावलीत तर ती किटली मी तुमच्या डोक्यावर घालीन."

"काय बाई हे," फतना म्हणाली, पण किटली दाराबाहेर नेऊन ठेवली.

नुझानं तुदाला डाव्या कुशीवर झोपवलं, मग गुडघ्या-कोपरांवर वाकवलं, कुल्ले वर, डोकं खाली, म्हणजे बाळाचा भार त्या सुजल्या कडेवरून निघेल. मी तिची कंबर मुठीनं दाबत होते. फतना, मला सांगायला हवं, न सांगता कपाळ पुसत होती आणि प्रत्येक कळेनंतर पोरीच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होती. अधूनमधून नुझा कर्ण्यासारखी नळी पोटावर टेकवून तिला कान लावून बाळाचे ठोके ऐकायची. "धावतंय छान," म्हणायची. पाणमोट फुटली तेव्हा पाणी स्वच्छ होतं. नुझानं ते मला मुद्दाम दाखवलं. हिरवं असतं तर काळजी होती.

त्यानंतर कळांनी उसंत दिली नाही. एक जाते न जाते तोवर दुसरी. ऊन भिंतीवरून खाली उतरलं असेल, तेव्हा तुदा थरथरायला लागली. पाय लटपट, दात वाजतायत, सगळं सूप ओकून टाकलं. आणि एकदम उठून चपला शोधायला लागली.

"मी घरी जाते," ती म्हणाली. "तुम्ही करा काय करायचं ते."

"अगं पण पोट कुठं ठेवून जाणार?" मी म्हटलं.

"मला नाही जमत. आजी, मला खरंच नाही जमत."

फतनाचा चेहरा पांढराफटक. "हिला वारं लागलंय. कसली थंडी भरलीय बघा. बासूला सांगते गाडी चालू कर म्हणून."

"बसा," नुझा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "सगळ्या जणी इथं येऊन हेच म्हणतात. घरी जाते म्हणाली की मी ओळखते, आता थोडंच राहिलं." तिनं तपासलं आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. "सूज गेली. समोर नखाएवढी कड राहिलीय. तुदा, आता तुला आपोआप जोर द्यावासा वाटेल, पण देऊ नकोस. समोर मेणबत्ती आहे असं समज. विझवायची नाही, नुसती ज्योत हलवायची. फू. फू."

तुदा फू फू करत माझ्या गळ्यात लोंबकळली. तिचा सगळा भार माझ्या मानेवर. माझी मान अजूनही त्या बाजूला वळत नाही.

काही कळा गेल्या. नुझानं परत पाहिलं. "साखरेचं भांडं," ती म्हणाली. "पूर्ण उघडलीस. आता कळ आली की लाव जोर."

आणि आता ही माझी नात म्हणते, "नाही."

"नाही म्हणजे?"

"ती मिटलेलीच आहे."

आम्ही सगळ्यांनी वाडग्याकडे पाहिलं. बर्फाच्या पाण्यात फतनाची मूठ मख्खासारखी बसलेली. दोन काड्या जेमतेम सैल झाल्या होत्या. तुदा कळ आली की फू फू करायची आणि अंग आवरून धरायची, आणि आता ते चूक होतं. नुझानं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही हे डोक्यात घातलंय, तुम्हीच निस्तरा, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

मी वाडगा उचलून खाटेखाली सरकवला. "तुदा, हात धू."

"काय?"

"हात धू म्हणते."

नुझा लगेच समजली. तिनं साबण लावून तुदाचा हात धुतला आणि तो तिच्याच मांड्यांमध्ये नेला. "बोट आत घाल. थोडंच. काय लागतं?"

तुदा थबकली.

"काहीतरी टणक," ती हळूच म्हणाली. "वर ओलं ओलं... केस आहेत?"

"केस आहेत," नुझा म्हणाली.

"ही तुझी मूठ," मी म्हटलं. "माझी नाही, विहीणबाईंची बाजारातली नाही. हिच्याकडे बघून जोर लाव."

पुढची कळ आली आणि तिनं लावला. दात आवळून नाही, चेहऱ्यानं नाही, खालून, पोटाच्या बुडापासून, घोगऱ्या आवाजात. नुझानं तिला माझ्या मांड्यांच्या आधारानं उकिडवी बसवलं. थकली की कुशीवर. डोकं दिसायचं आणि कळ गेली की परत आत. फतना दर वेळी "गेलं परत" म्हणून कपाळावर हात मारायची. शेवटी नुझा म्हणाली, "मावशी, दोन पावलं पुढं येतं आणि एक मागं जातं, पहिलटकरणीचं असंच असतं. त्वचेला ताणायला वेळ मिळतो. तुम्ही मोजू नका." मग फतना गप्प बसून गरम पाण्यात कापड पिळून देत राहिली, आणि नुझा ते खाली धरून ठेवायची.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली तेव्हा डोकं परत गेलं नाही. "आता थांब," नुझा म्हणाली. "जळतंय ना? जोर सोड. परत फू फू. ते आपोआप येईल." तिचा एक हात डोक्यावर, एक खाली. डोकं सावकाश बाहेर आलं, तोंड जमिनीकडे, मग आपणहून बाजूला वळलं. पुढच्या कळेत एक खांदा, मग दुसरा, मग सगळं अंग एकदम घसरून नुझाच्या हातात.

मुलगी. जरा निळसर होती. नुझानं कापडानं खसाखसा पुसली, तिनं नाक फेंदारलं आणि रडली. तशीच ओली तुदाच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून घोंगडी.

फतना, आमच्या बायका आनंदाला करतात तशी, जिभेनं लळलळ करायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिचा हात धरला. "अजून नाही. अजून संपलं नाही."

नुझानं तुदाच्या मांडीत सुई टोचली, गर्भपिशवी आवळायची. नाळेत ठोके थांबेपर्यंत बोट ठेवून वाट पाहिली, मग दोन ठिकाणी चिमटे लावून कापली. आणि आम्ही बसलो.

वार येईना.

तुदा बाळाकडे बघत होती, पण ओठ पांढरे पडले होते, आणि डोळा सारखा माझ्याकडे. तिला काय आठवत होतं ते मला सांगायला नको. तिला आईची आठवण असणं शक्य नाही, पण तरी.

फतनानं बोचक्यातून रिकामी तेलाची बाटली काढली. "हिच्यात फुंकायला सांगा. जोरानं फुंकलं की पडते. आणि नाळेला दोरा बांधून मांडीला बांधूया, नाहीतर वर चढते काळजात."

"वर कुठं चढत नाही ती," नुझा म्हणाली. "दोरा ठेवा. आणि नाळ ओढायचीही नाही कोणी. सुटली नसताना ओढली तर रक्त वाहतं, पिशवीच उलटी बाहेर येते." तिचा तळहात तुदाच्या पोटावर होता, बेंबीजवळ. ती दाबत नव्हती, नुसती ऐकल्यासारखी. मग तिनं कपाळाला आठी घातली. "हे एका बाजूला का सरकलंय? तुदा, लघवीला कधी गेलीस?"

तुदाला आठवेना. मलाही. फतना म्हणाली, "दुपारपासून मीच पाणी पाजतेय, आणि गेलेली काही नाही."

"तेच. मूत्राशय भरलंय, त्यानं गर्भपिशवीला आवळायला जागा नाही."

भांडं आणलं. पण ताणलेल्या जागी लघवी सुटायला वेळ लागतो. फतना म्हणाली, "थांबा," आणि उंचावरून माठातलं पाणी हळूहळू पेल्यात ओतत उभी राहिली, चहा ओततात तसं, लांब धार. तिची ती धार ऐकत ऐकत तुदाला लघवी झाली. एवढी की आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

काही क्षणांत खालून रक्ताची एक चिळकांडी आली. मी खाटेची कड धरली. नुझा मात्र हसली. "ही सुटल्याची खूण. बघा, नाळ लांबली. आणि पोटात हात लावा, आजी." मी लावला. मघाशी मऊ होतं तिथं आता बिहीच्या फळासारखा टणक गोळा होता. नुझानं एका हातानं तो वर धरून ठेवला, दुसऱ्यानं नाळ सरळ, सावकाश खाली घेतली, आणि वार दोन्ही हातांत आली, मागोमाग पातळ पडदा पिळत पिळत.

ती तबकात उलटी-सुलटी करून, तुकडे एकमेकांना जुळवून तिनं पाहिली. "पूर्ण आहे. काही मागे राहिलं नाही."

"परत बघ," मी म्हटलं.

तिनं परत बघितली. मग तुदाचं पोट चोळून गोळा टणक आहे ना पाहिला, रक्त पाहिलं, म्हणाली, "झालं." आणि बाळाचं तोंड स्तनाला लावलं. "पाजल्यानं पिशवी आणखी आवळते. मी सकाळपर्यंत घडीघडीला येऊन बघणार आहे, तेव्हा कोणी दार लावू नका."

आता मी फतनाचा हात सोडला. तिची लळलळ बाहेर बासूपर्यंत गेली असणार, कारण त्यानं गाडीचा भोंगा वाजवला, मूर्खासारखा, तीनदा.

मेथी घालून कोंबडी शिजवायला फतना चुलीकडे गेली. जाताना पायानं खाटेखालचा वाडगा लागला. तिनं उचलून दिव्याजवळ धरला. मूठ अजून अर्धी मिटलेली.

"ही बघा," ती म्हणाली. "पोर जन्मली, वार पडली, आणि बाईसाहेबांचं अजून चाललंय."

"वाळवून ठेवा," मी म्हटलं. "तुमच्या लेकीला लागेल."

"आणि तुमची?"

माझी पदरात होती, अजून ओली. मी ती तुदाच्या उशाशी, भिंतीतल्या कोनाड्यात उघडीच ठेवली.

"गार पाणी घालायचं ना हिच्यात?" फतनानं तिच्या मुठीकडे बघत विचारलं.

"गार," मी म्हटलं. "आणि कोणाला हात लावू देऊ नका. तुम्ही तर मुळीच नाही."

तुदा खाटेवरून हसली, तेवढ्यात तिला पाजताना कळ आली आणि हसणं अर्ध्यातच राहिलं.